अडलंय, पण कोणाकडे?

आठवड्याच्या शेवटी साहेबांना पाठवायच्या मेलचा साचा आता बहुतेक ठिकाणी सारखाच झाला आहे. आधी झालेली कामं, मग पुढच्या आठवड्यात करायची कामं आणि शेवटी अडलेली कामं. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत हा साचा चालतो, आणि अलिबाग-मुरूड रस्त्यावर काशीदला एखाद्या होमस्टेचं बांधकाम सांभाळणाऱ्या सुपरवायझरलाही मुंबईतला मालक याच तीन मथळ्यांखाली लिहायला सांगतो. साचा सोपा आहे, दहा मिनिटांत भरून होतो. तरीही महिन्याभरात त्या मेलला काही अर्थ उरत नाही. लिहिणारा सवयीने लिहितो, वाचणारा न वाचता बाजूला सारतो.

माझ्या मते याचं कारण तिसऱ्या मथळ्यात आहे. पहिले दोन मथळे वाचून मॅनेजरला फारसं काही करावं लागत नाही, त्याला फक्त कळतं. तिसरा वाचून मात्र त्याने उठून काहीतरी करायचं असतं. सगळी मेल त्या एका मथळ्यासाठी लिहायची असते, आणि नेमका तोच सर्वांत ढिसाळ लिहिला जातो. तिथे तक्रार येते, सबब येते, हवामान येतं. मागणी मात्र येत नाही.

काशीदचंच उदाहरण घेऊ. काम कल्पून घेतलेलं आहे, पण त्यातला तपशील या किनाऱ्यावरच्या कामांत नेहमी येतो तोच आहे. जुन्या घरामागच्या वाडीत आठ खोल्यांची नवी चाळवजा इमारत उभी राहतेय. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर पत्रे आणि त्यावर कौलं. मालक मुंबईला, सुपरवायझर मुरूडचा. मे महिना सुरू आहे आणि पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दारात उभा राहणार. शनिवारी, ९ मे रोजी, सुपरवायझर मेल पाठवतो: ‘झालं: छताचं काम ८० टक्के. पुढे: उरलेलं छत, वायरिंग. अडलं: लाइटचं काम महावितरणकडे प्रलंबित. मजूर कमी आहेत. पाऊस जवळ आला आहे.’

या मेलमध्ये खोटं काहीच नाही. तरी मुंबईत बसलेल्या माणसाला तिच्यातून काय मिळालं? ८० टक्के म्हणजे काय, हे ठरवता येत नाही. पुढच्या शनिवारी ते ८५ होईल, त्यानंतर ९०, आणि शेवटचे १० टक्के तीन आठवडे पुरतील. बांधकामात काय किंवा सॉफ्टवेअरमध्ये काय, टक्क्यांत सांगितलेलं काम नेहमी शेवटाकडे येऊन रेंगाळतं, कारण सोपा भाग आधी होतो आणि टक्के अंदाजाने पडतात. त्याऐवजी ‘आठांपैकी पाच खोल्यांवर पत्रे बसले, त्यातल्या तीन खोल्यांवर पाइपने पाणी मारून पाहिलं, गळती नाही’ असं लिहिलं तर दुसरा माणूस येऊन ते तपासू शकतो. झालेलं काम ओळखायची माझी कसोटी एवढीच आहे: न सांगता दुसऱ्या कोणाला ते झालेलं दिसलं पाहिजे. पाणी न मारलेल्या दोन खोल्या अजून ‘पुढे’मध्येच आहेत. पत्रा बसवणाऱ्या माणसाला हे अन्यायाचं वाटेल, पण जूनमध्ये त्याच खोलीतल्या गादीवर थेंब पडायला लागले की त्यालाही पटेल.

आता तिसरा मथळा. ‘महावितरणकडे प्रलंबित’ हे वाक्य वाचून मालक मान डोलावतो. सरकारी काम, वेळ लागायचाच, असं मनाशी म्हणतो आणि मेल बंद करतो. या वाक्याने त्याला एक चांगलं कारण दिलं, काम दिलं नाही. आता हे काम उलगडून पाहू. जुन्या घराचं कनेक्शन सिंगल फेज आहे. आठ खोल्यांना आठ एसी म्हणजे नुसत्या एसींचाच भार बारा-पंधरा किलोवॅटपर्यंत जातो, म्हणून थ्री फेज आणि वाढीव भार हवा. त्यासाठी अर्ज गेला. परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा चाचणी अहवाल जोडला. जागेची पाहणी झाली. पाहणीनंतर कोटेशन निघतं, ते भरलं की पुढची जोडणी. सुपरवायझरला विचारत गेलं तर कळतं की कोटेशन ६ मे रोजीच निघालंय. ते ग्राहकाच्या, म्हणजे मालकाच्या नावाने आहे, मालकाच्या मोबाइलवर त्याचा मेसेजही गेला असणार, आणि पैसे मुंबईच्या ऑफिसातून भरायचे आहेत. म्हणजे काम महावितरणकडे अडलेलंच नाही. ज्याला ही मेल पाठवली, त्याच्याच टेबलावर ते तीन दिवस पडून आहे, आणि मेल त्याला सांगते आहे की दोष दुसऱ्याचा.

असं फार वेळा होतं. अडलेलं काम ज्या कचेरीच्या नावाने ओळखलं जातं, त्या कचेरीतच ते अडलेलं असतं असं नाही. म्हणून ‘अडलं’ या मथळ्याखालची नोंद पुरी व्हायची तर तिच्यात चार गोष्टी याव्या लागतात: नेमकं काय हवं, ते कोणाच्या हातात आहे, कधीपर्यंत हवं, आणि नाही मिळालं तर काय होईल. काशीदच्या कामात ती अशी लिहिता येईल: ‘थ्री फेजचं कोटेशन ६ मे रोजी निघालं आहे. साहेब, भरणा आपण मुंबईहून करायचा आहे. बुधवार, १३ मेपर्यंत भरला तर मीटरपासून मागच्या इमारतीपर्यंतची केबल महिनाअखेर जमिनीत जाईल. उशीर झाला तर वायरमन रेवदंड्याच्या कामावर जाणार आहे, आणि पाऊस लागल्यावर वाडीत चर खणला की त्यात पाणी उभं राहतं, मग ते काम पावसाळ्यानंतरच.’ हे वाचून मालकाला मान डोलावता येत नाही. त्याला एक तर पैसे भरावे लागतात, नाही तर ‘भरत नाही, एसी दिवाळीनंतर लावू’ असं म्हणावं लागतं. दुसरं उत्तरही चालेल. निर्णय झाला म्हणजे अडथळा संपला.

मजूर कमी असण्याचं काय? ते अडलेलं नाही, ते राहिलेलं आहे. पालीतून किंवा रोह्यातून आणखी दोन माणसं बोलावणं सुपरवायझरच्याच हातात आहे. त्यासाठी जास्त रोज द्यावा लागणार असेल आणि त्याची परवानगी त्याला नसेल, तर परवानगी हा अडथळा आहे आणि तोच लिहायला हवा. जे माझ्या हातात आहे आणि झालेलं नाही ते राहिलं. जे दुसऱ्याच्या हातात आहे, त्याच्याकडे मी मागितलंय आणि मिळालेलं नाही, ते अडलं. मागितलेलंच नसेल तर तेही राहिलेलंच.

हा फरक व्यवस्थापनाच्या परदेशी पुस्तकांतून आयात करायची आपल्याला गरज नाही. महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत तो फार जुना आहे. सहा गठ्ठे पद्धतीत कारकुनाच्या टेबलावरच्या फायलींचे गठ्ठे पडतात. त्यांत प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा वेगळा आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांचा वेगळा. ज्या फायलीवर मी काम करायचं आहे ती प्रलंबित. ज्या फायलीत दुसऱ्या कचेरीचं उत्तर यायचं आहे ती प्रतीक्षाधीन. महाराष्ट्राने २००५ साली बदल्यांच्या विनियमनाचा आणि कर्तव्यातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा केला, त्यातही हेच तत्त्व आहे: एका कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा आणि पाठवावी लागत असेल तर तीन महिन्यांत. दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या कामाला वेगळी मुदत द्यावी लागते, पण मुदत द्यावीच लागते, हे कायद्याने मान्य केलं.

या पद्धतीत बिघाड कसा होतो, हेही त्याच कचेऱ्यांनी दाखवून दिलं आहे. प्रलंबित गठ्ठा फुगला की एक स्मरणपत्र पाठवायचं आणि फाइल प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात सरकवायची. आकडा कमी दिसतो. काम जागेवरून हललेलं नसतं, फक्त त्याचा दोष आता बाहेरच्याकडे गेलेला असतो. साप्ताहिक मेलमध्ये हेच घडतं. एकाच अडथळ्याची नोंद चार शनिवार शब्दही न बदलता येत असेल, तर तो अडथळा राहिलेला नाही, तो आसरा झालेला आहे. ओळखायची खूण साधी आहे: गेल्या आठवड्यापासून या अडथळ्यासाठी मी काय केलं, याची एक तरी ओळ त्या नोंदीत नवी आहे का? ‘११ तारखेला मुरूडच्या कार्यालयात जाऊन आलो, कोटेशनची प्रत आणली, सोबत जोडली आहे’ अशी. ती नसेल तर नोंद उचलून ‘पुढे’मध्ये टाकावी. म्हणजे ती पुन्हा आपल्या अंगावर येते.

राहिला पाऊस. काशीदला पाऊस दरवर्षी येतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी हा अरुंद किनारी रस्ता गच्च होतो, तेव्हा चिऱ्याचा ट्रक सोमवार ते गुरुवारातच आणावा लागतो, हेही दरवर्षीचंच. या गोष्टी अडथळ्यात लिहिणं म्हणजे नियोजन न केल्याची कबुली आहे. ज्या गोष्टीसाठी कोणाकडेच मागणी करता येत नाही, तिची जागा दुसऱ्या मथळ्यात आहे, आणि तीही बदललेल्या योजनेच्या रूपाने. जुलै २०२१ मध्ये मुसळधार पावसात काशीदजवळचा जुना पूल कोसळला, त्यात एकाचा जीव गेला आणि मुरूडकडची वाहतूक तुटली. अशा आठवड्यात ‘अडलं: पूल पडला’ लिहून काहीच साधत नाही, कारण मुंबईतला मॅनेजर पूल बांधून देणार नाही. ‘माल आता रोह्याकडून आणावा लागेल, भाडं वाढेल, वाढीव भाड्याला मंजुरी हवी’ असं लिहिलं की त्यातला मॅनेजरच्या हातातला तेवढा भाग वेगळा होतो. मंजुरी ‘अडलं’मध्ये, बदललेला रस्ता ‘पुढे’मध्ये.

आणि ३ जून २०२० सारखा दिवस आला, निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, सुरूची आणि सुपारीची झाडं आडवी झाली, वीज आणि फोन दोन्ही गेले, तर साप्ताहिक मेलचा उपयोगच संपतो. तिथे जमेल त्या वाटेने माणूस पाठवायचा. ज्या अडथळ्याला उद्यापर्यंत उत्तर हवं, तो शनिवारपर्यंत धरून ठेवायचा नसतो. त्यासाठी फोन करायचा आणि शनिवारी त्या फोनची, मिळालेल्या उत्तराची एक ओळ मेलमध्ये घालायची.

फोन आहे, व्हॉट्सॲप आहे, मग मेल कशाला, असा प्रश्न इथे कोणीही विचारेल. रोज संध्याकाळी साइटचे फोटो जातातच. पण फोटोत न झालेलं काम दिसत नाही, आणि आज पाठवलेल्या फोटोला गेल्या शनिवारी काय कबूल केलं होतं याची आठवण नसते. मेलची खरी ताकद त्या मागच्या मेलमध्ये आहे. कचेरीतला कारकून आठवड्याला जो गोषवारा काढतो त्याचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडतं: मागची शिल्लक अधिक नवीन आवक, वजा निकाली, उरली ती शिल्लक. या बेरजा जुळल्या नाहीत तर कुठली तरी फाइल गहाळ आहे.

काशीदच्या कामावर हे लावून पाहू. ९ मेच्या मेलमध्ये ‘पुढे’खाली सहा कामं होती असं धरा: उरलेल्या तीन खोल्यांचे पत्रे, दोन खोल्यांची पाण्याची चाचणी, सोकपिट खणणं, बाथरूमच्या लाद्या, केबलचा चर आणि सुताराकडून दारं आणणं. १६ मेच्या मेलमध्ये झालेली चार कामं दिसतात: तीन पत्रे, दोन चाचण्या, लाद्या, आणि कुंपणाची दुरुस्ती. अडलेलं एक: केबलचा चर. वाचायला आठवडा चांगला गेलेला दिसतो. पण जुळवून पाहिलं तर सोकपिट आणि दारं कुठेच नाहीत. झालेल्यात नाहीत, पुढच्यात नाहीत, अडलेल्यातही नाहीत. आणि कुंपण गेल्या आठवड्याच्या यादीत नव्हतंच. मग विचारावं लागतं. सोकपिट खणताना दीड मीटरवर पाणी लागलं होतं, काय करायचं ते कळेना, म्हणून माणसं कुंपणावर लावली. समुद्राजवळच्या जमिनीत असं होतंच. पण पाणी इतक्या वर असेल तर सोकपिटची जागा किंवा रचना बदलावी लागते आणि ते ठरवणं इंजिनिअरचं काम आहे. त्या सगळ्या आठवड्यातला सर्वांत मोठा अडथळा हाच होता, आणि तो लिहिला गेला नाही, कारण सुपरवायझरच्या मनात तो अजून आपलंच अपयश होता. हे ना फोटोत दिसलं असतं ना फोनवर. मागच्या यादीशी जुळवल्यामुळे दिसलं.

म्हणून माझा आग्रह असा की मेल लिहायला बसताना कोऱ्या पानावर बसू नये. गेल्या शनिवारची मेल उघडावी, तिच्यातला ‘पुढे’ हा भाग उचलून नव्या मेलमध्ये ठेवावा आणि त्यातली एकेक नोंद तीनपैकी एका जागी न्यावी. काम रद्द केलं असेल तर तसं लिहून काढावं. यादीबाहेरचं काम झालं असेल तर ते यादीबाहेरचं म्हणूनच लिहावं, म्हणजे योजना का घसरली हे आपोआप कळतं. एवढं केलं की मेल सहा-आठ ओळींच्या वर जात नाही.

सॉफ्टवेअरमधले वाचक इथे मला एक गोष्ट ऐकवतील. काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय, हे तीन प्रश्न ज्या स्क्रम पद्धतीने जगभर नेले, तिच्याच मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीतून ते काढून टाकले गेले. ते खरं आहे, आणि मला ते पटतंही. रोज सकाळी उभं राहून प्रत्येकाने हजेरी दिल्यासारखे तीन प्रश्नांना उत्तर दिलं की कामापेक्षा हजेरी मोठी होते. पण ती बैठक एकत्र काम करणाऱ्या, एकमेकांना दिसणाऱ्या लोकांची होती. काशीद आणि मुंबई यांच्यामध्ये तीन-चार तासांचा रस्ता आहे. जिथे वाचणारा लिहिणाऱ्याचं काम डोळ्यांनी पाहू शकत नाही, तिथे आठवड्याला एक जुळणारा हिशोब लागतोच. हजेरीचा धोका मात्र इथेही आहे. मालक ‘झालं’ची लांबी मोजायला लागला की सुपरवायझर त्यात भरताड घालू लागतो: साफसफाई केली, माल उतरवला, गवंड्याशी बोललो. ती यादी कधी वाढायला लागली हे पाहिलं तर बहुधा त्याच्या आठवडाभर आधी मालकाने काहीतरी टोचून विचारलेलं असतं.

इथे मालकाकडे वळावं लागतं, कारण तिसरा मथळा बहुतेक वेळा वाचणाराच मारतो. दोन प्रकारे. एक तर तो उत्तरच देत नाही. मागणी लिहिली, आठवडा गेला, काही झालं नाही, पुन्हा लिहिली, पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी माणूस ‘अडलं: काही नाही’ लिहितो. ‘अडलं’ सलग रिकामं आणि ‘पुढे’मधली तीच दोन-तीन कामं दर शनिवारी पुढे ढकललेली, असं चित्र दिसलं की समजावं, अडथळे संपलेले नाहीत, सांगणं संपलेलं आहे. दुसरा प्रकार जास्त वाईट. अडथळा वाचल्यावर मालकाचा पहिला प्रश्न येतो, ‘हे आधी का नाही सांगितलं?’ सोकपिटात पाणी लागल्याचं कळल्यावर असं विचारलं, तर पुढच्या खड्ड्यात काय लागलं हे त्याला कधीच कळणार नाही.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. अडथळा साहेबांकडेच असेल तर तो साहेबांना कसा लिहायचा? मुरूडचा सुपरवायझर ‘भरणा बाकी आहे’ एवढंच लिहितो, कोणाकडून ते लिहीत नाही. त्यात भित्रेपणा नाही, रीत आहे. वरच्या माणसाकडे बोट दाखवायचं नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे, आणि नोकरीही त्याच माणसाच्या हातात आहे. ‘स्पष्ट लिहीत जा’ असं त्याला दहा वेळा सांगून ही रीत सुटत नाही. ती जागा मालकानेच उघडून द्यावी लागते. त्यासाठी मला एकच उपाय माहीत आहे. मालकाने रविवारी सकाळी उत्तर लिहावं आणि त्याची सुरुवात स्वतःकडे अडलेल्या कामांपासून करावी: ‘माझ्याकडे अडलेलं: कोटेशनचा भरणा, सोमवारी दुपारपर्यंत करतो. सोकपिटसाठी इंजिनिअर, मंगळवारी साइटवर येतील, त्यांना खड्डा उघडा ठेवून दाखव. आणखी काही माझ्याकडे असेल आणि मी इथे लिहिलं नसेल, तर उलट मेलने कळव.’ मंगळवारी इंजिनिअर आला नाही तर पुढच्या शनिवारी सुपरवायझरला कोणाकडे बोट दाखवावं लागत नाही. मालकाच्या स्वतःच्या मेलमधली ओळ उचलून त्याला ती ‘अडलं’खाली, तारखेसकट, जशीच्या तशी ठेवता येते.